‘हे मीम मेलंय’ असं कोण म्हणतं आणि कधी म्हणतं

प्रश्न: मी एका संस्थेच्या पानासाठी मीम बनवते. वरिष्ठांची मंजुरी यायला पाच-सहा दिवस जातात. सगळीकडे दिसणारा फॉरमॅट घेते, मजकूर आमच्या विषयाचा घालते, तरी पहिली कमेंट येते, ‘ताई, हे मीम मेलंय.’ त्याच आठवड्यात तेच टेम्प्लेट दहा ठिकाणी चालू असतं! उलट काही टेम्प्लेटं वर्षानुवर्षं चालतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मेलं म्हणजे नेमकं काय झालं? आणि ते आधी कसं ओळखायचं?

उत्तर: कमेंट करणारा खोटं बोलत नाही आणि तुम्हाला जे दिसलं तेही खरंच आहे. तुम्ही दोघं एकाच फॉरमॅटच्या दोन वेगळ्या गोष्टी बघताय, एवढंच. आज या फॉरमॅटची नवी मीम किती बनली ही एक गोष्ट, आणि आज ती किती लोकांना दिसली ही दुसरी. बनण्याचा वेग आधी चढतो आणि आधीच उतरतो. दिसण्याचा आकडा मागून येतो, कारण आधी जे चाललं तेच फीड लोकांसमोर आणत राहते, लोक ते ग्रुपवर पाठवतात, मग ते अशांपर्यंत पोचतं जे स्वतः कधी मीम बनवत नाहीत. म्हणून ‘आता हे सगळीकडे दिसतंय’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा बनवणारे उठून जायच्या बेतात असतात. तुम्ही तिथून सुरुवात करता आणि वर पाच-सहा दिवस थांबता.

हा उशीर किती मोठा असू शकतो ते ‘हार्लेम शेक’ या धुनीवरच्या नाचाच्या मीमवरून कळतं. जुनं उदाहरण आहे, पण त्याच्या तारखा आणि आकडे नीट नोंदलेले आहेत. बाउअर या संगीतकाराची ती धून मे २०१२ मध्ये आली होती. तिच्यावर नाचण्याचा विनोदी व्हिडिओ २०१३ च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर आला, आणि २ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातल्या पाच मुलांनी जो व्हिडिओ टाकला त्यातून फॉरमॅटचा साचा पक्का झाला. आठवड्याभरात, १० फेब्रुवारीच्या सुमारास, यूट्यूबवर त्याचे दिवसाला चार हजार नवे व्हिडिओ चढत होते. १५ फेब्रुवारीपर्यंत एकूण चाळीस हजारांच्या घरात व्हिडिओ झाले होते आणि ते साडेसतरा कोटी वेळा पाहिले गेले होते. म्हणजे साचा ठरल्यापासून तेरा दिवसांत.

आता पुढची तारीख बघा. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाने त्याच महिन्यात गाण्यांच्या आपल्या मुख्य यादीत यूट्यूबवरची दर्शनं मोजायला सुरुवात केली आणि २ मार्चच्या यादीत ती धून थेट पहिल्या क्रमांकावर आली. तिथे ती पाच आठवडे राहिली. यादीवरून अंदाज बांधणाऱ्याला मार्चअखेरही हे मीम जोरात आहे असंच वाटलं असतं. प्रत्यक्षात गूगलवरच्या शोधांचा आलेख फेब्रुवारीतच शिखरावर जाऊन उतरायला लागला होता आणि नवं काही करून दाखवणारे तर त्याआधीच दुसरीकडे वळले होते. मार्चमध्ये जे उरलं होतं ते बघणाऱ्यांचं शेपूट.

पण हा फॉरमॅट उतरला कशामुळे? ‘लोकांना कंटाळा आला’ हे उत्तर सगळे देतात, त्यातून हाती काही लागत नाही. गाणं लोक पन्नास वेळा ऐकतात आणि तरी आवडीने ऐकतात. विनोदाचं तसं नसतं, तो अपेक्षाभंगावर चालतो. हार्लेम शेकचा व्हिडिओ साधारण तीस सेकंदांचा. पहिल्या पंधरा सेकंदांत हेल्मेट किंवा मुखवटा घातलेला एकटा माणूस नाचतो आणि आजूबाजूचे आपापल्या कामात असतात, कुणी त्याच्याकडे बघतही नाही. मग धून एकदम फुटते, दृश्य कापलं जातं आणि दुसऱ्याच क्षणी खोलीतले सगळे वेडेवाकडे नाचत असतात. पहिल्यांदा बघताना तो काप अंगावर येतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्ही त्याची वाट बघता. दहाव्या वेळी तो काप म्हणजे नुसती औपचारिकता उरते, आणि सगळी मजा एकाच प्रश्नावर येते: या वेळी नाचतंय कोण आणि कुठे?

इथून चढाओढ सुरू झाली. विद्यार्थी नाचले, मग सैनिक नाचले, मग पोहणाऱ्यांचा संघ पाण्याखाली नाचला. एका गटाने तर उडत्या विमानात चित्रीकरण केलं आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने त्याची चौकशीही केली. प्रत्येक नव्या व्हिडिओला आधीच्यापेक्षा वरची पायरी हवी होती. विमानाच्या आणि पाण्याखालच्या व्हिडिओनंतर पायरी कुठली उरते? आणि तरीही कितीतरी कार्यालयं आपापल्या टेबलांमध्ये व्हिडिओ काढतच राहिली. ते वाईट होते असं नाही. पहिल्या चार दिवसांत आले असते तर लोक हसले असते. चौथ्या आठवड्यात ते पायऱ्या उतरणारे ठरले.

म्हणून फॉरमॅट हाती घेण्याआधी त्याचं वय बघण्यापेक्षा एक गोष्ट बघा. फॉरमॅट म्हणजे शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखं वाक्य असतं, काही भाग ठरलेला आणि काही मोकळा. ही मोकळी जागा कसली आहे त्यावर फॉरमॅटचं आयुष्य ठरतं. हार्लेम शेकमध्ये गाळलेली जागा ‘कोण’ आणि ‘कुठे’ची होती. अशी जागा काहीही घालून भरता येते, म्हणून फॉरमॅट झपाट्याने वाढतो, आणि काय घातलं याने अर्थ बदलत नाही, म्हणून तो तितक्याच झपाट्याने संपतो. याउलट काही फॉरमॅटमध्ये गाळलेली जागा नात्याची असते: हे आणि ते यांचा एकमेकांशी काय संबंध. तिथे प्रत्येक नव्या जोडीला नवा अर्थ येतो.

एकाच माणसाची दोन मीम शेजारी ठेवली की फरक दिसतो. २० जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शपथविधीत सिनेटर बर्नी सँडर्स जाडे लोकरी हातमोजे घालून, हाताची घडी घालून, घडीच्या खुर्चीवर एकटे बसलेले होते. एएफपी या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार ब्रेंडन स्मियालोव्स्की यांनी ते टिपलं. त्याच संध्याकाळपासून ती आकृती कापून लोक जगभरातल्या चित्रांत बसवू लागले: चंद्रावर, बसमध्ये, प्रसिद्ध चित्रांमध्ये. कुठल्याही पत्त्यावर त्यांना बसवून देणारं संकेतस्थळही तयार झालं. आठवड्याभरात सँडर्स यांच्या बाजूने त्या चित्राचे स्वेटशर्ट विकून व्हरमाँटमधल्या धर्मादाय संस्थांसाठी अठरा लाख डॉलर जमल्याचं जाहीर झालं, आणि तोवर मीम म्हणून त्यातला जोर गेलेला होता. गाळलेली जागा एकच होती, ‘कुठे बसलेत’. पत्ता टाकला की चित्र तयार, म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःचं काही घालायचं कारणच उरलं नाही. आपोआप मीम बनवून देणारं साधन आलं की समजावं, त्या फॉरमॅटचे दिवस भरत आले.

त्याच सँडर्स यांचं दुसरं मीम याच्या वर्षभर आधीचं, २०२० च्या सुरुवातीचं. निवडणूक निधीसाठीच्या व्हिडिओत कॅमेऱ्याकडे बघून ते म्हणतात, मी पुन्हा एकदा तुमच्याकडे आर्थिक मदत मागतोय. त्यातला ‘आर्थिक मदत’ एवढा भाग लोकांनी बदलला. इथे गाळलेल्या जागेत काय येतं? ज्याची पुन्हापुन्हा, थोडं ओशाळून मागणी करावी लागते अशी कुठलीही गोष्ट: मित्राकडे मागितलेल्या नोट्स, सहकाऱ्याकडे मागितलेला पासवर्ड. मागणारा, देणारा आणि आधीच्या मागण्या असं एक नातं त्या चौकटीत तयारच आहे. शपथविधीचं चित्र दहा दिवसांत विझलं. हे वाक्य निवडणूक संपल्यावरही वापरात राहिलं, कारण कुणाला ना कुणाला काहीतरी पुन्हा मागावंच लागतं.

तुम्ही म्हणता त्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या टेम्प्लेटांचं गुपित हेच. मैत्रिणीचा हात धरून चालताना वळून दुसरीकडे बघणारा तरुण घ्या. ते अँटोनिओ गुइलेम यांनी २०१५ मध्ये विक्रीसाठी काढलेलं साधं छायाचित्र. ऑगस्ट २०१७ मध्ये ते उसळलं. सुरुवातीला त्या चेहऱ्यांनाच लोक हसत होते. ते हसू संपलं, पण चित्र संपलं नाही, कारण त्यात तीन जागा आहेत आणि तिन्हींचं नातं ठरलेलं आहे: मी, जे मी करायला हवं ते, आणि ज्याच्यामागे माझं मन धावतंय ते. आता त्या चित्राला स्वतःहून कुणी हसत नाही. ते वाक्यरचनेसारखं झालंय, विनोद तुम्ही लिहिलेल्या तीन शब्दांत असावा लागतो. अशा टेम्प्लेटला ‘मेलंय’ कुणी म्हणत नाही, कारण ते नवं आहे असा दावाच ते करत नाही.

आता ‘मेलंय’ या शब्दाकडे येऊ. तो तीन वेगळ्या प्रसंगी वापरला जातो आणि तिन्ही वेळा तुम्ही करायची गोष्ट वेगळी आहे.

पहिला प्रसंग म्हणजे साचा रिकामा झाला, वाचणाऱ्याला शेवट आधीच कळतो. ही तक्रार मीमबद्दल आहे आणि ती खरी आहे. दुसरा प्रसंग म्हणजे घटना मागे पडली. शपथविधी, सामना, एखाद्याची जीभ घसरणं यावरचं मीम त्या घटनेच्या आठवणीवर जगतं, आणि घटना विसरली की हातमोजे घातलेला म्हातारा नुसता म्हातारा उरतो. इथेही तक्रार रास्त आहे.

तिसरा प्रसंग वेगळा, आणि तुमच्या कमेंटमध्ये बहुतेक हाच असावा. फॉरमॅट ज्या गटाने घडवला त्या गटाला तो ओळखीच्या खुणेसारखा असतो. तो कळणं म्हणजे ‘आपल्यातला’ असणं. तोच फॉरमॅट एखाद्या संस्थेच्या, बँकेच्या किंवा दुकानाच्या पानावर आला की ती खूण निरुपयोगी होते, कारण आता ती सगळ्यांकडे आहे. मग गट जाहीर करतो की हे मेलं. हे विधान मीमच्या तब्येतीबद्दल नसतं. ‘आम्ही इथून निघालो’ एवढंच ते सांगतं. म्हणून तेच मीम दुसऱ्या दहा ठिकाणी हसवत असतं आणि तरी कमेंट खोटी ठरत नाही. म्हणणारा तुमच्या नेहमीच्या वाचकांपैकी असेल तर त्याचं ऐका. पानाशी एरवी काही देणंघेणं नसलेला कुणी वाटेत थांबून म्हणून गेला असेल, तर तुमच्या वाचकांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ते बघायला त्या पोस्टचे ‘लाइक’ सोडा आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली ते बघा. शिळं मीम लोक सवयीने लाइक करतात, पाठवत मात्र नाहीत.

मेलेलं परत उठतंही, पण उठताना तसंच उठत नाही. ‘डोज’ म्हणून ओळखला जाणारा शिबा इनू कुत्रा बघा. काबोसू या कुत्रीचा तो फोटो २०१० चा, मीम म्हणून तो बहरला २०१३ मध्ये, रंगीत अक्षरांतल्या मोडक्यातोडक्या उद्गारांसकट. जाहिरातींनी ते उद्गार उचलले आणि ती बोली चावून चोथा झाली. २०२० मध्ये तोच कुत्रा पिळदार शरीराचा होऊन परतला, शेजारी चीम्स नावाचा दुसरा, रडवेला कुत्रा, आणि विषय झाला ‘तेव्हाचे लोक आणि आत्ताचे लोक’. म्हणजे ‘कसं बोलायचं’ ही जुनी गाळलेली जागा संपली होती. तिच्या जागी ‘तेव्हा विरुद्ध आता’ हे नातं आलं आणि चित्र पुन्हा कामाला लागलं. जुनं टेम्प्लेट धूळ झटकून तसंच वापरायचा मोह झाला तर हे ध्यानात ठेवा.

वेगाबद्दल एक मोजलेला आकडा आहे. २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ट्विटरवरच्या जगभरातल्या पहिल्या पन्नासांत एखादा हॅशटॅग २०१३ मध्ये सरासरी १७.५ तास टिकायचा, तर २०१६ मध्ये ११.९ तास. हॅशटॅग म्हणजे फॉरमॅट नव्हे, फॉरमॅट दिवसांत आणि आठवड्यांत मोजावा लागतो. पण दिशा तीच आहे, आणि २०१३ च्या हार्लेम शेकला जे तेरा दिवस मिळाले तेवढे आजच्या ‘कोण-कुठे’ प्रकारच्या फॉरमॅटला मिळतील असं धरून चालू नका.

ओळखायचं कसं, तर आधी गूगल ट्रेंड्स उघडा. फॉरमॅटचं इंग्रजी नाव टाका (उदाहरणार्थ `harlem shake`), जागा जगभर ठेवा, मुदत मागच्या ९० दिवसांची घ्या. व्हिडिओचा फॉरमॅट असेल तर वेब शोधाऐवजी यूट्यूब शोध निवडा. तिथे दिसणारा आकडा ० ते १०० असतो, आणि १०० म्हणजे त्याच मुदतीतलं शिखर. प्रत्यक्ष शोध किती झाले ते त्यातून कळत नाही, म्हणून तुलनेसाठी एखादा जुना, स्थिर फॉरमॅट दुसऱ्या रकान्यात टाका. रेषेचं शेवटचं टोक तुटक दिसलं तर तो आकडा अजून अपुरा आहे, ‘पडलं’ असं लगेच समजू नका. सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळीच असते. शोध घेतो तो माणूस, ज्याला ते मीम कळलेलं नाही! बनवणारे शोधत बसत नाहीत. त्यामुळे शोधांचं शिखरही बनण्याच्या शिखराच्या मागेच येतं. रेषा अजून चढत असेल तरच तुमच्याकडे थोडे दिवस आहेत. शिखर दिसत असेल तर उशीर झालेला आहे.

त्याहून खात्रीची परीक्षा हाताने करायची आहे आणि तिला पंधरा मिनिटं पुरतात. फॉरमॅटचं नाव शोधा आणि निकाल ‘लोकप्रिय’ ऐवजी ‘नवीन’ क्रमाने लावा, कारण लोकप्रियमध्ये मागच्या आठवड्याचे विजेते दिसतात. वरची तीस घ्या आणि कागदावर तीन ढीग करा. ज्यांनी नुसती नावं बदलली ती एका ढिगात. ज्यांनी साच्यालाच हात लावला, चौकट उलटी केली किंवा दुसऱ्या फॉरमॅटशी जोडली, ती दुसऱ्यात. आणि जी त्या मीमबद्दलच बोलतात, ‘हे पुन्हा दिसलं तर’ छापाची, ती तिसऱ्यात.

जवळजवळ सगळी पहिल्या ढिगात असतील आणि ती वाचताना शेवट आधीच कळत नसेल, तर फॉरमॅट तरुण आहे. दुसरा ढीग वाढला की तो भरात आहे आणि त्याच वेळी साधी नावं बदलण्याचे दिवस संपलेत. तुम्हाला घ्यायचाच असेल तर साच्यातही काही करावं लागेल. तिसरा ढीग आठ-दहाच्या वर गेला की सोडून द्या. जाता जाता तिसांपैकी किती पोस्ट व्यक्तींच्या आणि किती संस्था-कंपन्यांच्या आहेत तेही मोजा. अर्ध्याहून जास्त संस्थांच्या असतील तर गट निघून गेलाय. हे उंबरठे अनुभवाने ठरवलेले आहेत, तुमच्या वाचकांनुसार थोडे वरखाली करा.

राहिला तुमच्या मंजुरीचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे. पाच-सहा दिवस लागणार असतील तर ‘कोण-कुठे’ आणि घटनेवरचे फॉरमॅट तुमच्यासाठी नाहीतच, ते सोडूनच द्या. तुम्ही नात्याचे फॉरमॅट घ्या, आणि घेण्याआधी चित्र झाकून विनोद एका साध्या वाक्यात सांगून बघा. चित्राशिवायही त्या वाक्यात काही तथ्य उरत असेल तर ते सहा दिवसांनीही उरेल. काहीच उरत नसेल तर सगळा भार फॉरमॅटच्या नवेपणावर होता, आणि तो मंजुरीच्या फाइलमध्येच संपणार.

वरिष्ठांकडून मंजुरी दोन भागांत मागा. मजकूर आधी: तुमच्या विषयातल्या दहा-बारा तक्रारी, सवयी, गमती, प्रत्येकी एका वाक्यात, महिन्यातून एकदा मंजूर करून घ्या. चित्राचं दुसरं: कुठल्या प्रकारचं चित्र चालणार नाही याची एक लेखी यादी, ज्यात हिंसा, राजकारण, कुणाच्या खासगी फोटोचा वापर वगैरे येईल. हे दोन्ही हातात असलं की त्या दिवशी सकाळी ढीग करून बघायचे, फॉरमॅट तरुण निघाला तर मंजूर वाक्यांपैकी बसेल ते त्यात घालायचं आणि दुपारच्या आत टाकायचं. वाक्य ओढूनताणून बसवावं लागत असेल तर त्या दिवशी काही टाकू नका. चुकीच्या नात्यात बसवलेलं वाक्य ताज्या फॉरमॅटमध्येही शिळंच वाचलं जातं.

तशी कमेंट पुन्हा आली तर पोस्ट काढू नका आणि वादही घालू नका. ‘सध्या काय चालू आहे?’ असं सरळ विचारा. उत्तर आलं तर त्या नावावर लगेच तीन ढिगांची परीक्षा करून बघा. बघणाऱ्यांच्या शेपटाऐवजी बनवणाऱ्यांच्या बाजूने आलेली खबर तुम्हाला मिळते ती अशा माणसांकडूनच.